मुलांसाठी नोकरी सोडली होती, आता रेझ्युमेत ती गॅप कशी लिहायची?



आपण इथे बहुतेक वेळा धंद्याबद्दल बोलतो. मग आज रेझ्युमे कुठून आला? कारण साधं आहे. तुमच्यापैकी अनेकांना, विशेषतः ताईंना, धंदा सुरू करण्याआधी किंवा घरगुती धंद्याच्या जोडीला दोन-तीन वर्षं नोकरी करायची असते. हातात भांडवल नसतं, बँक उत्पन्नाचा पुरावा मागते, किंवा घरखर्चाला महिन्याचा पगार हवा असतो. आणि मधली पाच-सहा वर्षं मुलांना वाढवण्यात गेलेली असतात. व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकलं, म्हणून इथे नीट बसून बघू.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू. ही एकच खरी व्यक्ती नाही, वेगवेगळ्या रेझ्युमेंमधून जुळवलेली आहे, पण तुम्हाला ओळखीची वाटेल. नाशिकच्या एक ताई. बी.कॉम. सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑगस्ट 2012 पासून अकाउंट्स असिस्टंट. पहिल्या बाळंतपणासाठी डिसेंबर 2018 मध्ये रजेवर गेल्या, रजा संपल्यावर राजीनामा दिला, जुलै 2019 मध्ये कंपनीने रिलीव्ह केलं. 2021 मध्ये दुसरं मूल. 2022 पासून दिवाळीला फराळाच्या ऑर्डर. मिस्टरांचं हार्डवेअरचं छोटं दुकान, त्याची बिलंही त्याच लिहितात. धाकटा आता शाळेत जायला लागला आणि ताईंना परत अकाउंट्सची नोकरी हवी आहे.

त्यांच्या पहिल्या रेझ्युमेत नोकरीचा काळ होता "2012 ते 2018". आणि त्याखाली हा मजकूर:

"काही अपरिहार्य कौटुंबिक कारणांमुळे तसेच मुलांच्या संगोपनाच्या महत्त्वपूर्ण जबाबदारीमुळे मला मध्यंतरी नोकरी करणे शक्य झाले नाही. तथापि या काळात मी घराचे आर्थिक नियोजन, वेळेचे व्यवस्थापन, नेतृत्व व संयम ही कौशल्ये आत्मसात केली. आता मुले मोठी झाली असून सासूबाईंचा पाठिंबा असल्याने मी पूर्ण समर्पणाने काम करू शकते."

यात खोटं काहीच नाही. तरी हा मजकूर ताईंचं नुकसान करतो. का, ते समजायला टेबलाच्या पलीकडे जाऊन बसावं लागेल.

पलीकडचा माणूस काय बघतो

छोट्या कारखान्यात रेझ्युमे वाचणारा माणूस म्हणजे स्वतः मालक, नाहीतर अकाउंट्स आणि एचआर दोन्ही सांभाळणारी एखादी व्यक्ती. समोर वीस-पंचवीस रेझ्युमे, बरेचसे व्हॉट्सॲपवर आलेले. आधी शेवटची नोकरी कुठे होती ते बघतात, मग नजर तारखांवर जाते. तारखांत मोठी मोकळी जागा दिसली की डोक्यात तीन प्रश्न येतात. मधे काय झालं? ते आता संपलंय का? आणि हिला काम अजून येतं का?

बस, एवढंच. मूल वाढवताना संयम शिकलात का, हा प्रश्न त्याला पडलेलाच नसतो. पहिल्या दोन प्रश्नांना मिळून एक ओळ लागते, फार तर दोन. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत मावत नाही, ते रेझ्युमेच्या बाकीच्या भागात द्यावं लागतं. ताईंनी उलटं केलं होतं. पहिल्या प्रश्नावर चार ओळी आणि तिसऱ्यावर शून्य.

आता "अपरिहार्य कौटुंबिक कारणांमुळे" हे शब्द बघा. आपल्याला ते सभ्य वाटतात. पण वाचणारा विचार करतो, अपरिहार्य म्हणजे नक्की काय? आजारपण? कोर्टकचेरी? कंपनीत काही भानगड? गोलमोल शब्दांनी कुतूहल वाढतं. "मुलांचे संगोपन" म्हटलं की विषय तिथेच मिटतो, कारण ते प्रत्येकाच्या घरात घडलेलं असतं. नेमकं कारण दोन शब्दांत सांगणं हे प्रामाणिकपणाचंही आहे आणि सोयीचंही.

आणि तपशील? मुलं किती, त्यांची वयं काय, सासूबाई सांभाळतात की पाळणाघर, यातलं काहीही रेझ्युमेत येत नाही. कारण सांगितलं म्हणजे घराचं दार सताड उघडलं असं होत नाही. "सासूबाईंचा पाठिंबा असल्याने" हे वाक्य तर मालकाच्या मनात नवा प्रश्न पेरतं, सासूबाई आजारी पडल्या तर?

आधी तारखा सरळ करा

शब्दांकडे जाण्याआधी तारखा. इथे ताईंनी स्वतःचंच नुकसान केलं होतं. त्या डिसेंबर 2018 मध्ये ऑफिसला शेवटच्या गेल्या, म्हणून त्यांनी नोकरी "2018 पर्यंत" लिहिली. पण बाळंतपणाची भरपगारी रजा ही नोकरीतलीच असते. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा 26 आठवड्यांची आहे. त्यांची रजा जूनच्या मध्यापर्यंत चालली, पुढे महिनाभराची नोटीस, आणि रिलीव्हिंग लेटरवर जुलै 2019. म्हणजे नोकरी ऑगस्ट 2012 ते जुलै 2019, पूर्ण सात वर्षं. रेझ्युमेत सहाच दिसत होती आणि गॅप उगाच लांब झाली होती. ज्यांनी रजा घेतली आणि परत त्याच कंपनीत रुजू झाल्या, त्यांना तर ती रजा कुठे लिहायचीच गरज नाही. ती गॅपच नाही.

नियम असा ठेवा. नोकरीची शेवटची तारीख म्हणजे रिलीव्हिंग लेटरवरची तारीख. ते लेटर सापडत नसेल तर पीएफचा रेकॉर्ड. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर यूएएनने लॉगिन करा, `View` मध्ये `Service History` उघडा. तिथे कंपनीचं नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते. नवीन कंपनी पडताळणी करते तेव्हा बऱ्याचदा हीच माहिती बघितली जाते. म्हणून रेझ्युमे आणि हे पान एकमेकांशी जुळलं पाहिजे.

इथे दोन अडचणी नेहमी येतात. एक म्हणजे यूएएनला जोडलेला मोबाइल नंबर जुना असतो, लग्नाआधीचा किंवा बंद पडलेल्या सिमचा. मग ओटीपी येत नाही. हे नोकरी मिळाल्यावर नाही, अर्ज करायच्या आधी दुरुस्त करा, कारण त्याला वेळ लागतो. दुसरी अडचण जास्त गमतीची आहे. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते. म्हणजे रेकॉर्डप्रमाणे तुम्ही अजून तिथेच नोकरीला आहात! पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit` असा पर्याय असतो. शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने झाले असतील तर ही तारीख तुम्ही स्वतः भरू शकता. पण जपून आणि कागद समोर ठेवून भरा, एकदा भरलेली तारीख बदलणं कटकटीचं असतं.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर तेही आत्ताच बघून घ्या. पदवीवर एक नाव, पीएफमध्ये दुसरं, आधारवर तिसरं, असं असेल तर पडताळणीत गॅपपेक्षा त्याचाच जास्त त्रास होतो.

ती एक ओळ

आता मुख्य गोष्ट. ताईंच्या रेझ्युमेत गॅप अशी लिहिली:

"करिअर ब्रेक – मुलांचे संगोपन. ऑगस्ट 2019 पासून. आता पूर्णवेळ कामासाठी लगेच उपलब्ध."

संपलं. पहिला प्रश्न, काय झालं? मुलांचे संगोपन. दुसरा प्रश्न, संपलं का? पूर्णवेळ, लगेच उपलब्ध. तुमचा रेझ्युमे इंग्रजीत असेल, बहुतेकांचा असतोच, तर हेच इंग्रजीत लिहा, पण शब्द वाढवू नका. इंग्रजीत गेलं की आपल्याला भारी विशेषणं लावायचा मोह होतो. एखादा बाबा मुलांसाठी घरी राहिला असेल तर त्याचीही हीच ओळ, एक अक्षर बदलायची गरज नाही.

काहीजण विचारतात, "सर, ब्रेकची शेवटची तारीख द्यायची का?" खरं काय आहे ते बघा. तुम्ही अजून नोकरीला लागलेल्या नाही, म्हणजे ब्रेक चालू आहे. "मार्च 2025 ला ब्रेक संपला" असं लिहिलं तर एप्रिल 2025 पासून आजपर्यंतची दुसरी, विनाकारणाची गॅप तयार होते. मग मालक विचारणार, त्यानंतर वर्षभर काय केलं? "पासून" लिहायचं आणि पुढे उपलब्धता सांगायची, हे सगळ्यात सरळ.

ओळ कुठे टाकायची? कामाच्या अनुभवाच्या यादीतच, तारखांच्या क्रमाने, एका नोकरीसारखी. वेगळ्या चौकटीत नको, तळटीपेत नको, आणि वरच्या "उद्दिष्ट" वगैरेमध्ये तर अजिबात नको. क्रमाने लिहिली की ती यादीत सर्वांत वर येते, कारण ती सर्वांत अलीकडची आहे. याची सगळ्यांना भीती वाटते. "वरच गॅप दिसली तर पुढे कोण वाचणार?" बरोबर आहे, म्हणून तिच्याही वर दोन ओळींचा परिचय ठेवायचा. ताईंचा असा झाला:

"उत्पादन कंपनीत 7 वर्षांचा अकाउंट्सचा अनुभव: खरेदी-विक्री नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटी रिटर्नसाठी डेटा तयार करणे. टॅलीप्राइम आणि एक्सेलवर सध्या काम करते."

म्हणजे माणूस आधी सात वर्षं वाचतो, मग ब्रेक. आणि ब्रेक वाचून झाल्यावर लगेच खाली ती सात वर्षं सविस्तर येतात.

लिंक्डइनवर प्रोफाइल असेल तर 2022 पासून तिथे यासाठी वेगळी सोयच आहे. `Add career break` निवडायचं आणि प्रकारात `Full-time parenting`. तिथली तारीख आणि रेझ्युमेतली तारीख एकच ठेवा. अकाउंट्ससारख्या कामात तर तारखांचा घोळ फारच वाईट दिसतो!

लपवाछपवीचे तीन प्रकार

पहिला प्रकार, तारखाच न लिहिणं. कौशल्यांची मोठी यादी द्यायची आणि नोकऱ्या खाली नुसत्या नावाने टाकायच्या. अशा रेझ्युमेत वाचणारा आधी तारखाच शोधतो. सापडल्या नाहीत की बाजूला ठेवतो. नुसती वर्षं लिहिणं, म्हणजे "2012–2019", यात खोटं नाही. पण बहुतेक ऑनलाइन फॉर्म महिना विचारतातच. मग दोन ठिकाणी दोन प्रकार का? महिना लिहून मोकळं व्हा. गॅप पाच-सहा महिन्यांच्या आतली असेल तर मात्र वेगळी ओळ टाकायची गरज नाही, तारखा तेवढ्या खऱ्या ठेवा.

दुसरा प्रकार, घरकामाला ऑफिसची पाटी लावणं. "होम मॅनेजर", "सीईओ, आमचं घर" वगैरे. समाजमाध्यमांवर टाळ्या मिळतात, पण सातपूरचा मालक ते वाचून हसतो तरी किंवा वैतागतो तरी. माझं मत स्पष्ट आहे. घर सांभाळणं हे मोठं काम आहे, म्हणूनच त्याला त्याच्या खऱ्या नावाने लिहा.

तिसरा प्रकार धोक्याचा आहे. ओळखीच्या फर्मकडून तीन वर्षांचं अनुभवपत्र लिहून घेणं. काही एजंट पैसे घेऊन असली पत्रं देतात हेही तुम्हाला माहीत असेल. लोकांचा हिशेब असा असतो की वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या फर्मला पीएफ सहसा लागू नसतो, म्हणजे रेकॉर्डमध्ये सापडणार कसं? पण पडताळणी करणारा पगाराच्या स्लिप मागतो, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट मागतो, फॉर्म 16 मागतो. तिथे काय दाखवणार? आणि समजा सुरुवातीला निसटलं, वर्षभराने उघडं पडलं, तर नोकरी जाते आणि जाताना रिलीव्हिंग लेटरही धड मिळत नाही. गॅप सांगून नोकरी मिळते. खोटं पकडलं गेल्यावर त्या पट्ट्यात दुसरी मिळणं अवघड, कारण एमआयडीसीत अकाउंट्सवाले एकमेकांना ओळखतात.

फराळ आणि मिस्टरांचं दुकान

आता आपल्या वाचकांच्या जास्त जवळचा भाग. गॅपमध्ये केलेला छोटा धंदा लिहायचा का? लिहायचा. पण त्याच्या खऱ्या मापाने.

ताई म्हणाल्या, "वर्षातून दीड महिना तर करते, ते काय लिहायचं?" आणि पुढच्याच मसुद्यात त्यांनी लिहिलं, "संचालिका, होममेड फूड्स, 2022 पासून". एक टोक किंवा दुसरं टोक! आधीचं वाक्य धंद्याला कमी लेखतं. नंतरचं वाचून कोणालाही वाटेल की बाई वर्षभर फूड कंपनी चालवतात, मग नोकरी कशाला हवी? मधलं असं:

"घरगुती दिवाळी फराळ विक्री (स्वतःचा हंगामी व्यवसाय), 2022 पासून दरवर्षी सप्टेंबर–ऑक्टोबर. 2025 मध्ये 62 ऑर्डर, विक्री सुमारे 1.4 लाख रुपये. कच्च्या मालाची खरेदी, दर ठरवणे, ऑर्डरनिहाय खर्च आणि येणे यांचा हिशेब एक्सेलमध्ये."

"हंगामी" हा एक शब्द सगळा प्रामाणिकपणा सांभाळतो. आकडे खरे आहेत आणि विचारलं तर वही किंवा एक्सेल दाखवता येते. शेवटचं वाक्य नोकरीशी जोडलेलं आहे. अकाउंट्सची नोकरी हवी म्हणून हिशेब लिहिला. मार्केटिंगची नोकरी हवी असती तर गिऱ्हाईक कसं मिळवलं ते लिहिलं असतं. चकली किती खुसखुशीत होते ते दोन्हीकडे येत नाही. एफएसएसएआयची किंवा उद्यम नोंदणी असेल तर तीन-चार शब्दांत तीही लिहा, त्या नोंदणीवरची तारीख तुमच्या बोलण्याला पुरावा होते.

दुकानाचं जरा नाजूक आहे. पगार नव्हता, पण काम होतं. "अकाउंट्स मॅनेजर" लिहिलं तर ते खोटं. न लिहिलं तर खरं काम वाया गेलं. लिहिलं असं: "कुटुंबाच्या हार्डवेअर दुकानाच्या हिशेबात मदत (बिनपगारी), 2021 पासून: दर महिन्याची खरेदी-विक्री बिले टॅलीत नोंदवून करसल्लागाराकडे देणे."

"बिनपगारी" लिहायला लाज वाटते, मला माहीत आहे. पण हाच शब्द तुम्हाला वाचवतो, कारण मग पगाराची स्लिप कोणी मागत नाही. अशा प्रत्येक ओळीसाठी एक परीक्षा लावा. मालकाने उद्या त्या करसल्लागाराला फोन केला, तर तो जे सांगेल ते आणि तुम्ही लिहिलंय ते सारखं असेल का? करसल्लागार म्हणाला, "हो, बिलं वहिनीच नोंदवून पाठवतात", की ओळ पास. तो गोंधळला तर ओळ खोडा.

काम अजून येतं का?

हा तिसरा प्रश्न आणि यावरच निवड होते. ब्रेकची ओळ कितीही छान लिहा, इथे रिकामं असेल तर उपयोग नाही. 2019 मध्ये अकाउंट्स सोडलेल्या माणसाचं काय काय बदललं ते बघा. तेव्हा टॅली ईआरपी 9 होतं, 2020 च्या शेवटी टॅलीप्राइम आलं. 2020 मध्येच जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-2बी आलं आणि इनपुट क्रेडिट त्याच्याशी जुळवायची पद्धत पडली. ई-इन्व्हॉइस ऑक्टोबर 2020 मध्ये फक्त 500 कोटींवरच्या कंपन्यांना होतं, ते उतरत उतरत ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालं. म्हणजे एमआयडीसीतले बरेच मध्यम कारखाने त्यात आले. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दरच बदलले, 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले.

मालकाला या बाईला हे माहीत आहे का, एवढंच बघायचं असतं. ताईंनी दोन महिन्यांचा टॅलीप्राइमचा कोर्स केला होता, पण रेझ्युमेत तो सर्वांत खाली, "छंद"च्या वर पडला होता. तो वर आणला आणि नुसतं कोर्सचं नाव न लिहिता काय करता येतं ते लिहिलं: "टॅलीप्राइम (2025): व्हाउचर नोंदी, जीएसटीआर-2बी जुळवणी, ई-इन्व्हॉइस तयार करणे." यातलं ई-इन्व्हॉइस त्यांनी फक्त कोर्समध्ये सरावासाठी केलं होतं, दुकानाला ते लागूच नाही. म्हणून पुढे "(सराव)" असा शब्द जोडला. मुलाखतीत "किती इन्व्हॉइस काढले?" असं विचारलं की उत्तर आधीच लिहिलेलं असतं.

तुमचं क्षेत्र अकाउंट्स नसेल तर हाच प्रश्न तुमच्या क्षेत्राला लावा. मी सोडल्यापासून रोजच्या कामातलं कोणतं साधन, कोणता नियम बदलला? त्यातल्या दोन-तीन गोष्टी शिकून त्या ओळी रेझ्युमेत याव्यात. हे न करता फक्त गॅपचे शब्द घासत बसणं म्हणजे दुकानात माल नाही आणि पाटी रंगवतोय.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगतो. सहा वर्षांची गॅप फुकट जात नाही. काही मालक तारीख बघून बाजूला ठेवतीलच. काही ठिकाणी जुन्या पदाच्या खालून सुरुवात करावी लागेल, पगारही 2019 च्या हिशेबाने वाढलेला मिळणार नाही. चांगली लिहिलेली ओळ रेझ्युमे पुढे वाचायला लावते, तिचं काम तेवढंच.

व्हॉट्सॲपवर पाठवताना आणि समोर बसल्यावर

रेझ्युमेसोबतचा मेसेज म्हणजे दुसरा रेझ्युमे नव्हे. ताईंचा असा होता: "नमस्कार सर, अकाउंट्स असिस्टंट पदासाठी रेझ्युमे पाठवत आहे. सातपूरमधील उत्पादन कंपनीत 7 वर्षे अकाउंट्स पाहिले आहे. मुलांच्या संगोपनासाठी 2019 पासून ब्रेक होता, आता पूर्णवेळ काम करू शकते. टॅलीप्राइमवर काम येते." गॅप एकाच वाक्यात, मधोमध, आणि शेवटचं वाक्य कामाचं. "कृपया एक संधी द्यावी, निराश करणार नाही" हे नको. कामाच्या बोलण्यात याचना आली की पगाराची बोलणीही तिथूनच सुरू होतात.

मुलाखतीत विचारतील, "इतकी वर्षं गॅप का?" उत्तर दोन वाक्यांचं. "दोन मुलं लहान होती म्हणून मी घरी थांबले. आता दोघंही शाळेत जातात, मधे दुकानाची बिलं मी टॅलीत नोंदवत होते, ती दाखवू का?" असं म्हणायचं आणि थांबायचं. आपल्याकडे अवघडलेपणा आला की माणूस बोलत सुटतो. पाचव्या वाक्याला सासर येतं, सातव्याला आजारपण. हे घरी मोठ्याने बोलून बघा, वीस सेकंदांत संपलं पाहिजे.

"मुलं कोण सांभाळणार?" हेही विचारतात. पुरुषांना कोणी विचारत नाही, हे खरं आहे आणि चुकीचंही आहे. पण त्या खुर्चीत बसून वाद घालायचा नसेल तर "त्याची सोय झालेली आहे, साडेनऊ ते सहा मी येऊ शकते" एवढं पुरे. कोण, कुठे, कसं, हे सांगायची गरज नाही. पण सोय खरंच झालेली हवी. ती झाली नसेल तर रेझ्युमेत "पूर्णवेळ" लिहू नका, "अर्धवेळ" लिहा. छोट्या फर्मना दिवसाचे चार तास येणारी अकाउंटंट हवी असते, असं काम शोधलं तर मिळतं.

जुन्या साहेबांचं नाव संदर्भाला देणार असाल तर आधी त्यांना फोन करा. सहा वर्षांत ते कंपनी सोडून गेलेले असू शकतात. आणि मालकाचा फोन त्यांना अचानक गेला तर "कोण हो?" एवढंच उत्तर येतं. त्यांना तुमच्या तारखा आणि कामं मेसेजमध्ये लिहून पाठवा.

राहिला प्रश्न फराळाचा. नोकरी लागल्यावरही ताईंना दिवाळीच्या ऑर्डर घ्यायच्या आहेत, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच असणार. रेझ्युमेत "हंगामी व्यवसाय, 2022 पासून" असं लिहिलं की मालक विचारणारच, "मग दिवाळीत सुट्टी मारणार का?" याचं उत्तर मुलाखतीच्या आधी घरी ठरवा. ताईंनी ठरवलं की ऑर्डर तीसवर थांबवायच्या, काम रात्री आणि रविवारी, हाताखाली एक मदतनीस. आणि तसंच सांगितलं. नेमणूकपत्र हातात आल्यावर त्यातली दुसरं काम किंवा व्यवसाय करण्याबद्दलची अट वाचा. बऱ्याच नेमणूकपत्रांत ती असते. अट असेल तर सही करायच्या आधी विचारा आणि परवानगी ईमेलवर लेखी घ्या. तोंडी "चालेल हो" हे साहेब बदलले की चालत नाही.